बखरीला एक माप, चंपूला दुसरं

बेटा,

अनेक आशीर्वाद. रघूजी भोसल्यांच्या बंगालवरच्या स्वाऱ्यांचं तुझं प्रकरण दोनदा वाचलं. मेहनत दिसते. पण सातव्या पानावर मी अडलो. तिथे तू लिहिलंस की बंगाली कवींची वर्णनं दरबारी आणि अतिशयोक्त असल्यामुळे विचारात घेतलेली नाहीत. आणि आठव्या पानावर रघूजींचे सरदार भास्करराम कोल्हटकर यांच्या पराक्रमाचा सबंध परिच्छेद नागपूरकर भोसल्यांच्या बखरीतून उतरवून काढलास, तोही एकही प्रश्न न विचारता. ही बखर काशीराव गुप्त्यांनी लिहिली ती १८१८ नंतर, इंग्रज रेसिडेंटच्या सांगण्यावरून. म्हणजे घटनेला सत्तर-पंच्याहत्तर वर्षं उलटून गेल्यावर, आणि तेही नव्या धन्याला वाचायला म्हणून. ते कवी दरबारी, मग गुप्ते कोण?

नागपूरच्या महाल भागात राहणाऱ्या माणसाला भोसल्यांबद्दल वाईट ऐकवत नाही, हे मला ठाऊक आहे. मीही इथलाच. म्हणून नियम सांगत बसण्यापेक्षा तू टाकून दिलेल्याच कवींना आपण पुन्हा बोलावू.

पहिला बाणेश्वर विद्यालंकार. बर्दवानच्या राजा चित्रसेनाच्या पदरचा पंडित. भास्कररामांची पहिली स्वारी १७४२ची, आणि याचा ‘चित्रचंपू’ हा संस्कृत ग्रंथ १७४४चा. काळाच्या दृष्टीने याहून जवळचा साक्षीदार मिळणं कठीण. तो सांगतो की शाहूराजाचे हे स्वार निर्दय आहेत, गर्भिणी, बालकं, ब्राह्मण आणि दीन यांना मारणारे आहेत, आणि त्यांचं खरं बळ घोड्यांच्या वेगात आहे, एका दिवसात ते शंभर योजनं जातात. योजन आठ मैलांच्या आसपास धर आणि हिशेब कर. सकाळी सीताबर्डीहून निघालेला स्वार दिवे लागायच्या आत कलकत्त्याच्याही पुढे गेलेला असेल. हे तू हसून सोडून दिलंस. पण आकडा खोटा असला तरी तो कशाबद्दल आहे ते बघ. त्याने हत्तींची संख्या फुगवली नाही, तोफा फुगवल्या नाहीत, वेग फुगवला. जे डोळ्यांत भरतं तेच माणूस फुगवून सांगतो. हलकं घोडदळ, सामान कमी, हूल देऊन निघून जाणं, हे बाकीच्या साधनांतूनही दिसतंच. तेव्हा ‘शंभर’ खोडायचं आणि ‘वेग’ ठेवायचा.

गर्भिणी, बालकं, ब्राह्मण, दीन या यादीचं मात्र उलटं आहे. दिसायला साधी वाटते, पण ती धर्मशास्त्रातून आलेली ठरीव यादी आहे. संस्कृत कवीला शत्रूला पापी म्हणायचं असलं की ती तयारच असते. त्यावरून खून झालेच नाहीत असं ठरत नाही, पण बाणेश्वराने ते पाहिले असंही ठरत नाही. असं वाक्य आलं की मी समासात पेन्सिलीने ‘ठरीव’ असं लिहून ठेवतो. पुरावा लागेल तो दुसरीकडून आणायचा.

आता दुसरा कवी, आणि इथे खरी गंमत आहे. भारतचंद्र हा नदियाच्या राजा कृष्णचंद्राचा दरबारी कवी. त्याचं ‘अन्नदामंगल’ १७५२चं. स्वारी तीच, मुलूख शेजारचा, पण खलनायक बदललेला. बंगालचा नवाब अलीवर्दी खान याच्या फौजेने भुवनेश्वरात उपद्रव केला, नंदी त्रिशूळ घेऊन उठला, शिवाने त्याला आवरलं आणि साताऱ्याच्या राजाला स्वप्नात सांगायला लावलं. मग रघूजी आणि भास्कर पंडित आले, अशी त्याची कथा. कवीला मराठ्यांचा पुळका कुठून आला? उत्तर त्याच काव्यात आहे. नवाबाने कृष्णचंद्राला धरून नेलं आणि नजराणा म्हणून बारा लाख रुपये मागितले, असं तो स्वतःच सांगतो. धन्याचं दुखणं नवाबाशी, म्हणून देवाचा राग नवाबावर.

एवढं कळलं की बरेच जण थांबतात. ‘कवी पक्षपाती’ असा शिक्का मारायचा आणि पुस्तक मिटायचं. तू थांबू नकोस. पक्षपात कुठल्या बाजूला झुकलाय हे कळलं की त्याच्या उलट जाणारी वाक्यं शोधायची, कारण ती वाक्यं लिहून कवीचा काही फायदा होत नसतो. आपल्या स्वारांना शिवाचे हस्तक ठरवणारा हाच भारतचंद्र पुढे लिहितो की त्यांनी नावांचा पूल बांधून गंगा ओलांडली, गावोगाव जाळलं, पुष्कळ माणसं कापली, धन नेलं आणि लेकीसुनाही नेल्या. हे लिहिण्याची त्याच्या कथेला गरज नव्हती, उलट अडचणच होती. ज्यांच्या आठवणी ताज्या आहेत अशा श्रोत्यांपुढे ते गाळणं शक्य नव्हतं, म्हणून ते आलं. बर्दवानच्या पंडिताची ठरीव यादी एकटी असताना हलकी होती. नदियाच्या या वाक्यांनी तिला वजन आलं, कारण दोघांचे धनी वेगळे आणि हेतू वेगळे. नावांच्या पुलाचा उल्लेख फारसी तवारिखांतही आहे, तोही ताडून घे.

फारसीवरून आठवलं. तिशीत असताना मी एका लेखात मोठ्या ऐटीत लिहिलं होतं की एका प्रसंगाला तीन फारसी ग्रंथांची साक्ष आहे. एका वृद्ध अभ्यासकाने पोस्टकार्ड पाठवलं, त्यावर एकच ओळ होती: तीन ग्रंथ की एका ग्रंथाच्या तीन प्रती? यूसुफ अली खान हा अलीवर्दीच्या वर्तुळातला माणूस. १७८०च्या सुमारास लिहिलेल्या ‘सियर-उल-मुताखरीन’ने त्याच्याकडून पुष्कळ उचललं आहे. नंतरच्यांनी आधीच्यांवरून लिहायचं, ही तेव्हाची रीतच होती. तपशिलांचा क्रम तोच, चूकही तीच, असं दिसलं की साक्षीदार एकच समजायचा. तरी त्या दरबारी तवारिखांतलं एक वाक्य सोन्यासारखं आहे. मार्च १७४४मध्ये मनकरा इथे भास्कररामांना बोलणीसाठी तंबूत बोलावून दगा करून मारलं, हे नवाबाच्या बाजूचे लेखकच कबूल करतात. गुप्त्यांच्या बखरीत हा दगा वाचून तुला संताप आला, पण त्या बखरीचा पुरावा इथे दुय्यम. मारणाऱ्याच्या घरचे सांगतात, त्याला मोल.

तिसरा गंगाराम. हा दरबारी कवी म्हणून ओळखला जात नाही, पण त्याला सोडून चालणार नाही. त्याच्या ‘महाराष्ट्र पुराणा’च्या पोथीअखेर बंगाली सन ११५८, म्हणजे १७५१ची नोंद आहे. हे काव्य मी तीन थरांत वाचतो. वरचा थर देवांचा. पृथ्वीला पापाचा भार होतो आणि शिव नंदीला पाठवतो. शेवटी भास्कराच्या अत्याचारांनी देवी कोपते आणि त्याचा पराभव होतो. हा थर घटनेबद्दल काही सांगत नाही, तेव्हाचे लोक संकटाचा अर्थ कसा लावत होते ते सांगतो. मधला थर ठरीव वर्णनांचा, ब्राह्मणहत्या, गोहत्या वगैरे, बाणेश्वरासारखाच.

खालचा थर मी सावकाश वाचतो. गाव सोडून पळणाऱ्यांत कोणी काय उचललं ते तो सांगतो. पंडित पोथ्या घेऊन निघाले, सोनार तराजू घेऊन, कोळी जाळं घेऊन, शंखाच्या बांगड्या करणारे करवत घेऊन. बारगीर वेढा घालून बाकी सगळं टाकतात आणि सोनं-रुपं तेवढं नेतात. आणि ‘रुपी द्या, रुपी द्या’ असं ओरडतात, न मिळाल्यास नाकात पाणी भरतात. हा ‘रुपी’ शब्द बघ. बंगाली माणूस ‘टाका’ म्हणतो. त्याच काव्यात दुसरीकडे गंगारामही ‘टाका’च म्हणतो. परक्याच्या तोंडचा शब्द कोणाच्या तरी कानात राहिला आणि तो काव्यात उतरला. पुराणाच्या साच्यातून असा शब्द येत नाही.

पण खालच्या थरावरही डोळे मिटून विश्वास नको. नवाबाची फौज कोंडली गेली तेव्हा तांदूळ, डाळ, तेल, तूप, साखर, मीठ, सगळं रुपयाला शेर झालं, असं तो म्हणतो. मीठ आणि तूप एकाच भावात? महागाईत दोन्ही चढतात, पण बरोबरीने नाही. टंचाई खरी, भाव छंदासाठी घेतलेला. जळलेल्या गावांची त्याची यादी नकाशावर मांड. चंद्रकोणा, मेदिनीपूर, खिरपाई ही नावं आजही सापडतात आणि ती भागीरथीच्या पश्चिमेला, स्वारीच्या वाटेवर आहेत. जी सापडणार नाहीत ती वेगळ्या रंगाने लिही, गाळू नकोस.

नवव्या पानावर तू उलट टोकाला गेलीस. तिथे ‘चार लाख माणसं मारली गेली’ हा डच वखारीचा आकडा छापलास, का तर तो कवीचा नाही, व्यापाऱ्याचा आहे. त्यांनी मोजली कशी? गावांची शिरगणती नव्हती, आणि ते बसले होते हुगळीकाठी. शिवाय वखारीच्या माणसाला मायदेशी मालकांना माल का आला नाही हे पटवून द्यायचं असतं, म्हणजे त्यालाही धनी आहेच. व्यापाऱ्यांचाच दुसरा एक पुरावा मात्र मी घेईन. इंग्रजांनी १७४२-४३च्या सुमारास कलकत्त्याभोवती खंदक खणायला घेतला, ‘मराठा डिच’ म्हणून तो ओळखला गेला. पत्रात भीती वाढवून लिहिता येते, पण खंदकाला पैसे मोजावे लागतात. त्यावरून धास्ती सिद्ध होते, मृतांचा आकडा नाही. तेव्हा ‘चार लाख’च्या जागी ‘डचांच्या समजुतीप्रमाणे’ असं लिही आणि मोजणीचा आधार दिसत नाही हेही त्याच वाक्यात येऊ दे.

आता काम. सातवं पान फाड. एका कागदावर पाच रकाने आख: विधान, कोणाचं, घटनेनंतर किती वर्षांनी, त्याला ते सांगण्यात फायदा की तोटा, आणि स्वतंत्र दुजोरा. ग्रंथाला नाही, एकेका विधानाला ओळ दे. भागीरथीकाठच्या कटवा गावातल्या दुर्गापूजेपासून सुरुवात कर. पूजा अर्धवट टाकून भास्कररामांना पळावं लागलं, असं गंगाराम सांगतो. त्यातला हल्ला फारसीत आहे, पूजा कुठे आहे ते तू शोध. मग गुप्त्यांची बखरही त्याच रकान्यांत बसव. चौथा रकाना भरताना तुझा हात थांबेल, तेव्हा फोन कर.

रविवारी दहानंतर मी घरीच आहे. येताना संत्री आणू नकोस, काटोलहून टोपलीभर आली आहेत.

तुझा,
सर