समजतं तरी पोरगा असं का करतो?

प्रश्न: माझा १६ वर्षांचा पोरगा मी मागे बसलो की गाडी नीट चालवतो. दोस्त बसले की डांबरीवर सुसाट सुटतो. समजतं तरी असं का? (यवतमाळ जिल्हा)

उत्तर: दोस्त पाहत असले की त्याच्या मेंदूतला मजा आणि शाबासकीला भुलणारा भाग जोर धरतो, आणि त्याला आवरणारा कपाळामागचा भाग विशीच्या पुढेपर्यंत पिकत राहतो. म्हणून ‘समजावून सांगा’ हा सल्ला इथं अपुरा पडतो. धोका त्याला कळतोच. स्टाइनबर्ग आणि गार्डनर या मानसशास्त्रज्ञांनी २००५ च्या एका अभ्यासात मुलांना आणि मोठ्यांना गाडी चालवायचा संगणकी खेळ दिला होता. सिग्नल पिवळा झाला की थांबायचं की दामटायचं? एकटे असताना १३ ते १६ वर्षांची मुलं मोठ्यांइतकीच जपून खेळली. दोस्त शेजारी उभे राहताच त्यांनी कितीतरी जास्त धोके घेतले. २४ च्या वरच्यांत असा फरक दिसला नाही. तेव्हा चावी देऊन ‘हळू चालव’ म्हणण्यापेक्षा चावीच तुमच्याकडे ठेवा. गिअरच्या गाडीचा परवाना तसाही १८ नंतरच मिळतो. मात्र हे सरासरीचं चित्र आहे: काही पोरं दोस्तांतही सांभाळून चालवतात, आणि तुमचा एकटाही सुसाट जात असेल तर कारण दुसरं शोधा.