‘एव्लेन्मिश’चे भाषांतर करताना

‘अली एव्लेन्मिश’ या तुर्की वाक्याचे ‘अलीने लग्न केले’ असे भाषांतर आपण केले आहे, पण तो अर्थ ‘एव्लेन्दि’ या साध्या भूतकाळी रूपाचा झाला; ‘एव्लेन्मिश’मधल्या ‘मिश’ प्रत्ययामुळे बोलणारा लग्नाला हजर नव्हता, हे क्रियापदातच कळते. इंग्रजीत त्यासाठी ‘आय हिअर अली गॉट मॅरिड’ असे वेगळे शब्द जोडावे लागतात, तर मराठीत ‘अलीने लग्न केले म्हणे’ एवढे पुरते. मात्र ‘म्हणे’त कधी अविश्वास डोकावतो, जो ‘मिश’मध्ये असेलच असे नाही, तिथे ‘असे ऐकले’ अधिक सुरक्षित, असे माझे मत आहे.

सकाळी खिडकीतून पांढरे अंगण पाहून कोणी ‘कार याअमिश’ म्हटले, तर ती ऐकीव बातमी नसून खुणेवरून केलेला तर्क असतो. तेथे ‘बर्फ पडलेला दिसतो’ असेच लिहावे.