हिंदीतला 'हम' मराठीत आणताना

प्रश्न : फोनवरचं बोलणं हिंदीत सुरू होतं, मग समोरचा मराठी निघाला की आपण मराठीवर येतो. पण आधी हिंदीत जे ठरलं, ते पुढे नेताना घोळ होतो. अशा वेळी 'हम' ला 'आम्ही' म्हणावं की 'आपण'?

उत्तर : ज्याच्याशी बोलणे चालू आहे तो त्या 'हम' मध्ये धरलेला असेल तर 'आपण', आणि तो बाहेर असेल तर 'आम्ही'. हिंदीला हा भेद सर्वनामातून दाखवावा लागत नाही. मराठीत आणि गुजरातीत मात्र तो दाखवल्याशिवाय वाक्यच पुढे सरकत नाही. त्यामुळे हिंदीत जे मोघम राहून गेले होते, त्याचा निर्णय भाषा बदलणाऱ्याला नकळत त्याच क्षणी करावा लागतो, आणि घोळ तिथेच होतो.

रावेर-सावद्याकडचा, आमच्या घरातलाच एक प्रसंग सांगतो. केळीचा बाग कापणीला आला होता आणि बऱ्हाणपूरच्या एका व्यापाऱ्याचा फोन आला. तो म्हणाला, "सोमवार को गाड़ी हम भेजेंगे, भाड़ा भी हम देख लेंगे।" बोलता बोलता त्याची मातृभाषा मराठी असल्याचे कळले, तेव्हा काकांनी आनंदाने मराठीत सुरुवात केली आणि ठरलेले पक्के करण्यासाठी म्हणाले, "बरं, म्हणजे भाडं आपण बघू." व्यापारी "हो, हो" म्हणाला. हिशोबाच्या वेळी त्याने निम्मे भाडे कापून घेतले. काकांच्या मनात अर्थ होता की भाडे व्यापारी देणार. वाक्याचा अर्थ मात्र झाला की दोघे मिळून देऊ. त्या व्यापाऱ्याने लबाडी केली असे आमच्याकडे अजूनही म्हणतात, परंतु मराठीच्या दृष्टीने त्याने ऐकलेला अर्थ चुकीचा नव्हता.

चूक कशी झाली ते पाहण्यासारखे आहे. दुसऱ्याच्या तोंडचा 'हम' आपण उचलतो, तेव्हा बोलणारा बदललेला असतो. म्हणून व्यापाऱ्याचा 'हम' काकांच्या वाक्यात 'आम्ही'ही होत नाही आणि 'आपण'ही होत नाही, तो 'तुम्ही' होतो. "भाडं तुम्ही बघणार म्हणालात ना?" एवढे विचारले असते तर प्रश्न मिटला असता. 'म्हणालात' या क्रियापदाचा आणखी एक उपयोग असा, की आधीचे बोलणे कोणाचे होते हे त्याने बांधले जाते. हिंदीत झालेल्या बोलण्याकडे परत जाताना "मघाशी तुम्ही म्हणालात ते भाडं" असे नाम पुन्हा घेऊन बोलावे. नुसते "ते" म्हणून सोडू नये.

हिंदीतून नुकत्याच आलेल्या माणसाला आणखी एक खोड असते. तोंडात 'आप' बसलेला असल्यामुळे तो आदरार्थी 'आपण' वापरू लागतो आणि एकाच शब्दाचे दोन अर्थ बाजारात फिरू लागतात. भविष्यकाळात क्रियापद निवाडा करते : "आपण पाठवू" म्हणजे दोघे, "आपण पाठवाल" म्हणजे तुम्ही. भूतकाळात सकर्मक क्रियापद कर्माप्रमाणे चालते, म्हणून "आपण गाडी पाठवली" यावरून पाठवणारा कळतच नाही. "पाठवलीत" म्हटले तर शेवटचा 'त' समोरच्याकडे बोट दाखवतो, पण बोलताना हा 'त' अनेकदा गळून पडतो. म्हणून व्यवहाराच्या बोलण्यात आदरासाठी 'तुम्ही' पुरेसा आहे असे माझे मत आहे. 'आपण' हा दोघांसाठी राखून ठेवावा. उत्तरेकडचे काही ट्रकचालक स्वतः एकट्यालाही 'हम' म्हणतात, तिथे मराठीत सरळ 'मी' होतो, हेही ध्यानात असू द्यावे.

लिंगाचा घोळ त्यामानाने किरकोळ आहे. हिंदीत 'दुकान' स्त्रीलिंगी असल्यामुळे "वह बंद थी" ऐकलेला माणूस मराठीत "ती बंद होती" म्हणून जातो आणि ऐकणारा कोणती बाई की कोणती बँक हे शोधत बसतो. "ते बंद होतं" किंवा "दुकान बंद होतं" म्हटले की झाले.

'कल' मात्र 'हम' सारखाच निर्णय मागतो, कारण मराठीत 'काल' आणि 'उद्या' वेगळे आहेत. पूर्ण वाक्यात क्रियापदावरून उलगडा होतो, तुटक बोलण्यात, म्हणजे "पैसा? कल।" एवढेच उत्तर आले तर, पैसे दिले की द्यायचे आहेत हे मराठीत येण्याआधीच विचारून घ्यावे. 'परसों' च्या बाबतीत आपला 'परवा' तितकाच दुतोंडी आहे, म्हणून तिथे वार सांगणे बरे. काकांच्या त्या व्यवहारात भाड्याचा वाद झाला, पण गाडी वेळेवर आली, कारण तेवढा एक सोमवार दोन्ही भाषांत सोमवारच होता.