जुन्या चित्रपटांतले महाकाय राक्षस खरोखरच त्या काळाची भीती दाखवतात, की हा अर्थ समीक्षक मागाहून चिकटवतात?

दोन्ही घडते, पण १९५४ सालच्या जपानी ‘गॉडझिला’ला अर्थ चिकटवण्याची गरजच पडली नाही, कारण त्याचा पहिला प्रेक्षक ती भीती सोबत घेऊनच चित्रपटगृहात शिरला होता.

त्या वर्षी १ मार्चला अमेरिकेने प्रशांत महासागरातील बिकिनी बेटांवर हायड्रोजन बॉम्बची चाचणी घेतली. स्फोट सुमारे ६ मेगाटनांचा होईल असा अंदाज होता; तो १५ मेगाटनांचा झाला. धोक्याचे म्हणून जाहीर केलेल्या क्षेत्राच्या बाहेर मासेमारी करणाऱ्या ‘दाइगो फुकुर्यू मारू’ या जपानी बोटीवर किरणोत्सर्गी राख पडली, बोटीवरचे सर्व २३ जण आजारी पडले आणि त्यांच्यापैकी रेडिओ सांभाळणारे आइकिची कुबोयामा सप्टेंबरमध्ये मरण पावले. दरम्यान, इतर बोटींनी आणलेली ट्यूना मासळीही दूषित आढळून फेकून द्यावी लागली. जपानी माणसाच्या दृष्टीने बॉम्ब आता थेट ताटापर्यंत आला होता.

हायड्रोजन बॉम्बच्या चाचण्यांनी जागा झालेल्या समुद्री राक्षसाचा हा चित्रपट ३ नोव्हेंबरला प्रदर्शित झाला. त्याच्या सुरुवातीलाच शांत समुद्रावरील एका जहाजाचे खलाशी डेकवर बसलेले असताना पाण्यातून डोळे दिपवणारा प्रकाश उसळतो आणि जहाज पेट घेते. ही बातमी कोणती, हे तेव्हा कोणाला सांगावे लागले नसेल. पुढे रेल्वेच्या डब्यात एक तरुणी सोबत्यांशी बोलताना अणुबाधित ट्यूना, किरणोत्सर्गी पाऊस आणि आता गॉडझिला यांचा एका दमात उल्लेख करते आणि आपण नागासाकीतून वाचलो आहोत याचीही आठवण काढते. राक्षस येथे रूपक म्हणून लपून राहतच नाही. नव्या संकटांच्या यादीत त्याचे नाव सरळ जोडले जाते. अमेरिकेचे नाव मात्र चाचण्यांच्या संदर्भात कोणी घेत नाही, हे मला तितकेच बोलके वाटते.

या भीतीखाली आणखी एक जुना थर आहे. १९५२ पर्यंत जपानवर दोस्त राष्ट्रांचा ताबा होता आणि त्यातील बराच काळ अणुबॉम्बच्या परिणामांविषयीच्या लेखनावर सेन्सॉरची करडी नजर होती. त्यामुळे जळते तोक्यो, रुग्णालयात ओळीने पडलेले जखमी आणि एका लहान मुलीजवळ नेताच किरणोत्सर्ग दाखवू लागणारे यंत्र ही दृश्ये कल्पनारम्य असूनही लोकांच्या स्मरणातूनच आली होती. मार्च १९४५ च्या हवाई हल्ल्यात याच शहरात सुमारे एक लाख माणसे मेली होती. दिग्दर्शक इशिरो होंडा स्वतः युद्धावरून परतताना उद्ध्वस्त हिरोशिमातून गेले होते. त्यांचा कॅमेरा राक्षसाइतकाच त्याच्या पायाखालच्या माणसांवर रेंगाळतो, त्याचे कारण मला यातच दिसते.

तरीही राक्षस कसा येतो यापेक्षा तो कसा मरतो, हे पाहणे मला अधिक उपयोगाचे वाटते. १९५३ च्या ‘द बीस्ट फ्रॉम ट्वेंटी थाउजंड फॅदम्स’ या अमेरिकी चित्रपटातही बर्फातला प्राणी अणुचाचणीनेच जागा होतो. पण शेवटी त्याला मारले जाते तेही किरणोत्सर्गी समस्थानिक झाडून. विज्ञानाने केलेली चूक विज्ञानानेच निस्तरली, हा तिथला दिलासा आहे. जपानी चित्रपटात डॉक्टर सेरिझावा यांनी बॉम्बपेक्षाही भयंकर ठरू शकेल असा शोध लावलेला असतो, आणि तो राज्यकर्त्यांच्या हाती पडेल या धास्तीने ते तो वापरायलाच तयार नसतात. अखेर ते आपली टिपणे जाळतात, शस्त्र एकदाच वापरतात आणि गॉडझिलासोबत समुद्रतळाशी मरण पत्करतात. दोन्ही देश अणूलाच घाबरत होते, पण अमेरिकी चित्रपटाला भीती होती ती उपाय हाती असलेल्या अपघाताची आणि जपानी चित्रपटाला पुढच्या शस्त्राची. म्हणूनच विजयानंतरही वृद्ध शास्त्रज्ञ यामाने म्हणतात की चाचण्या चालूच राहिल्या, तर दुसरा गॉडझिला कुठेतरी येईल.

१९५६ साली अमेरिकेत हा चित्रपट नव्याने जुळवून दाखवला गेला, तेव्हा नागासाकीचा उल्लेख आणि यामानेंचा हा इशारा दोन्ही गाळले गेले. त्यामागचा हेतू काहीही असो, राक्षस तोच राहूनही हाती उरला तो मुख्यतः साहसपट.

एक मर्यादा मात्र सांगायला हवी. हा अर्थ त्या वर्षाचा आहे, त्या प्राण्याचा नव्हे. साठच्या दशकात गॉडझिला हळूहळू मुलांचा लाडका होऊन पृथ्वीच्या बाजूने लढू लागला. १९७१ मध्ये तो कारखान्यांच्या गाळावर आणि धुरावर पोसलेल्या हेडोरा या राक्षसाशी झुंजतो. मिनामाता शहराच्या पाण्यातला पारा आणि योक्काइची शहराची विषारी हवा यांनी जपान तेव्हा हैराण होता. त्या चित्रपटात काळाची भीती शोधायची असेल, तर ती गॉडझिलात नव्हे, हेडोरात शोधावी.