रडवेल्या माणसाला काय म्हणावं?

प्रश्न: शेजारच्या काकू जिन्यात भेटल्या, डोळे लाल होते. सवयीनं ‘काय काकू, मजेत ना?’ म्हणून गेलो. त्याऐवजी काय म्हणायचं?

उत्तर: ‘मजेत ना?’ला ‘हो’ सोडून उत्तरच नसतं, मग डोळे पुसत खोटं बोलावं लागतं. नुसतं ‘काकू…’ म्हणा, हळू आवाजात, आणि जरा थांबा. बोलल्या तर ऐका. नाहीच बोलल्या तर हातातली पिशवी घ्या: ‘द्या इकडे, वरपर्यंत आणतो.’ ‘काय झालं?’ मात्र जिन्यात नको, वरखाली दारं उघडी असतात. आणि आजचं मनाला लागलं असेल, तर संध्याकाळी जाऊन सांगा, ‘सकाळी माझ्या लक्षातच आलं नाही हो.’ त्यांना बरं वाटेल.