‘हलकं पॉझिटिव्ह’ असं कधी म्हणू नका

प्रश्न: आयव्हीएफ सेंटरला कौन्सेलर म्हणून नवीन लागलेय. स्टिम्युलेशन, एम्ब्रियो ट्रान्सफर, बीटा एचसीजी हे जोडप्याला मराठीत कसं सांगू? ऐकायला अवघडल्यासारखं होतं.

पुस्तकी शब्द सोडून द्या आधी. ‘अंडाशय उत्तेजन’ म्हटलं की नवरा खाली बघायला लागतो आणि बायको पदराशी चाळा करते. मी सरळ ‘बीजं वाढवायची इंजेक्शनं’ म्हणते. दर महिन्याला अनेक बीजं वाढायला लागतात पण पूर्ण तयार साधारण एकच होतं, बाकीची तशीच विरून जातात, ती विरणारीच आपण दहाएक दिवस इंजेक्शनं देऊन वाढवतो, एवढं सांगा. म्हणजे ‘सगळी बीजं आत्ताच संपतील का’ हा मनातला प्रश्न, जो बहुतेक जणी विचारतच नाहीत, तो आपोआप सुटतो.

‘भ्रूण’ शब्द मी टाळते, आपल्याकडे त्याच्यामागे लगेच ‘हत्या’ ऐकू येतं. एम्ब्रियोच म्हणा. आणि ट्रान्सफरला ‘बाळ आत सोडलं’ तर अजिबात नको! ‘बारीक नळीने एम्ब्रियो गर्भाशयात ठेवलाय, आता रुजायचं काम त्याचं’ असं सांगा. रुजणं हा शब्द फार कामाचा आहे, कारण नाही रुजलं तर त्यात कोणाची चूक निघत नाही. जिना चढले म्हणून पडला असेल का, हे विचारतातच, तर तो तसा पडत नाही हे आधीच सांगून टाका.

आता बीटा, म्हणजे गर्भ राहिलाय का हे बघायची रक्ताची टेस्ट, माझी मोठी चूक इथेच झाली. एका ताईंचा ट्रान्सफरनंतर बाराव्या दिवशी आकडा आला १८. मी म्हटलं, ‘हलकं पॉझिटिव्ह आहे.’ त्यांनी फक्त ‘पॉझिटिव्ह’ ऐकलं आणि घरी फोन लावला. दोन दिवसांनी आकडा ६. तेव्हापासून मी आकडा आणि त्याचा अर्थ वेगवेगळा सांगते. साधारण ५ च्या खाली म्हणजे रुजलं नाही, २५ च्या वर म्हणजे रुजायला सुरुवात झालीय, आणि मधलं असेल तर ‘आज सांगता येत नाही, ४८ तासांनी परत रक्त द्या’. २५ च्या वर असला तरी दुसरी टेस्ट लागतेच, कारण एका आकड्यापेक्षा तो वाढतोय का हे महत्त्वाचं. आणि हृदयाचे ठोके सोनोग्राफीतच दिसतात, त्यामुळे ‘बाळ आहे’ हे वाक्य तोपर्यंत तोंडात येऊ देऊ नका.

अजून एक, घरी पट्टीवर टेस्ट करू नका हे ट्रान्सफरच्याच दिवशी सांगा. बीजं काढण्याआधी देतात त्या ट्रिगरच्या इंजेक्शनमध्ये बऱ्याचदा एचसीजीच असतं, टेस्ट बघते तेच, त्यामुळे लवकर केली तर खोटी दुसरी रेघ येऊ शकते. उलट डाग दिसला म्हणून काही जणी प्रोजेस्टेरॉनच्या गोळ्या स्वतःच बंद करतात, हे जास्त वाईट. डाग दिसला तरी गोळ्या चालू, रक्ताचा रिपोर्ट बघून डॉक्टर सांगतील तेव्हाच बंद. आणि हे सांगताना दोघांकडे बघून बोला, एकट्या ताईंकडे नको.