समुद्र वाढून किनारा आत सरकला, तर देशाची आधाररेषा, म्हणजे जिथून सागरी हद्द मोजतात ती रेषा, आणि तिच्यापासून मोजलेलं २०० सागरी मैलांचं हक्काचं क्षेत्रही आत सरकतं का?

नाही, रेषा आधीच नियमानुसार आखून जाहीर केली असेल तर ती आपोआप सरकत नाही. सागरी कायद्याच्या करारात साधी आधाररेषा म्हणजे ओहोटीची रेषा, पण देशाच्या अधिकृत मोठ्या प्रमाणावरच्या नकाशावर दाखवलेली. तो नकाशा बदलायलाच हवा, असं करारात कुठेच नाही. जुलै २०२५ च्या सल्लागार मतात आंतरराष्ट्रीय न्यायालयानेही हेच म्हटलं. मार्शल बेटांनी तर २०१६ मध्येच आपल्या सीमांचे अक्षांश-रेखांश संयुक्त राष्ट्रांकडे जमा केले; शहाणपणाचं काम. मात्र हे मत बंधनकारक नाही, आणि ज्यांनी रेषा नीट आखून जाहीरच केलेली नाही, त्यांना या संरक्षणाचा भरवसा धरता येत नाही.